ऑलवेज, नेव्हर आणि ओन्ली: मॅनेजमेंटच्या पेपरातली ट्रू-फॉल्स विधानं कशी तपासायची

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या किंवा बेळगावच्या आसपासच्या मराठी शाळेतून दहावी करून थेट इंग्रजी माध्यमाच्या पीयू कॉमर्सला, आणि पुढे बीबीए किंवा बीकॉमला आलेल्यांसाठी हे लिहितोय. मीही याच वाटेने गेलो. मॅनेजमेंटच्या पेपरात मोठी उत्तरं पाठ करून निभावतात, पण एकेका ओळीची ट्रू-फॉल्स विधानं वाचताना गाडी अडते. इंग्रजी समजत नाही असं नसतं. धडा वाचलेला असतो, विधानातले सगळे शब्द ओळखीचे असतात, आणि तरीही हात दोन्ही उत्तरांच्या मध्ये घुटमळतो.

अशा वेळी सीनियर मंडळी एक सल्ला देतात: विधानात ऑलवेज किंवा नेव्हर दिसलं की डोळे झाकून फॉल्स लिहायचं. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ज्यांनी पेपर काढलाय त्यांनाही तो माहीत असतो, त्यामुळे चारपाच विधानांत एखादं तरी नेव्हर असलेलं विधान मुद्दाम ट्रू ठेवलेलं सापडतं. म्हणून अशा शब्दाकडे उत्तर म्हणून पाहू नका. 'इथे थांबून तपास कर' एवढंच तो शब्द सांगत असतो. तपास कसा करायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो. उदाहरणं मुद्दाम जवळजवळच्याच धड्यांतून घेतली आहेत: ऑर्गनायझिंग, त्यातलं डेलिगेशन, आणि फेयोलची तत्त्वं. अशी विधानं सगळ्यात जास्त तिथेच बनतात.

जवळ काय असावं

फार काही लागत नाही. एनसीईआरटीचं बारावीचं बिझनेस स्टडीजचं पुस्तक, पहिला भाग. तुम्ही बीबीएला असलात तरी ते काढून ठेवा, कारण व्याख्या आणि फरकांचे तक्ते त्यात सोप्या इंग्रजीत आहेत. तुमच्या कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या मागच्या दोनतीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. एक शंभर पानी वही आणि पेन्सिल. गाइडमधली उत्तरं आधी बघू नका. बऱ्याच गाइडांत नुसतं ट्रू किंवा फॉल्स छापलेलं असतं, कारण दिलेलं नसतं, आणि आपल्याला हवं असतं ते कारणच.

१. आधी शब्द पकडा, उघडा आणि लपलेलाही

विधान वाचताना पेन्सिलने त्या शब्दाखाली रेघ मारा. ऑलवेज, नेव्हर, ऑल, एव्हरी, नो, नन, ओन्ली, मस्ट, कॅनॉट, एन्टायरली, कम्प्लीटली हे उघडे शब्द आहेत. ते डोळ्यांना दिसतात.

घात करतात ते लपलेले शब्द. 'प्लॅनिंग गॅरंटीज सक्सेस' या विधानात ऑलवेज कुठेच नाही. पण गॅरंटीज या क्रियापदाच्या पोटात ते बसलेलंच आहे. एन्शुअर्स, एलिमिनेट्स, प्रिव्हेंट्स हेही त्याच जातीचे. 'प्लॅनिंग एलिमिनेट्स अनसर्टन्टी' म्हणजे अनिश्चितता पूर्ण संपते असा दावा झाला. पुस्तक म्हणतं की प्लॅनिंगमुळे अनिश्चिततेची जोखीम कमी होते. 'कमी होते' आणि 'संपते' यांच्यामधली फट हेच पेपर काढणाऱ्याचं काम असतं. तिथे रिड्यूसेस असेल तर ट्रू, एलिमिनेट्स असेल तर फॉल्स.

'द बेस्ट', 'द सोल', 'रिगार्डलेस ऑफ' हेही याच यादीत धरा. 'फायनान्शियल इन्सेन्टिव्ह इज द सोल मोटिव्हेटर' यातला सोल हा ओन्लीचाच भाऊ. बढती, कामाचं कौतुक, नोकरीची शाश्वती यांचाही माणसावर परिणाम होतो, आणि पुस्तकात नॉन-फायनान्शियल इन्सेन्टिव्हची वेगळी यादीच आहे. म्हणून फॉल्स.

वहीच्या पहिल्या पानावर या शब्दांची यादी करा आणि मागच्या प्रश्नपत्रिकांत नवा शब्द सापडला की त्यात भर घाला. तुमच्या विद्यापीठाचे पेपर काढणाऱ्यांचे आवडते शब्द हळूहळू तुमच्या ओळखीचे होतील.

२. विधान कोण बोलतंय ते ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

'एखाद्या कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत' हे फेयोलचं युनिटी ऑफ कमांड. आता ही तीन विधानं बघा.

'अॅकॉर्डिंग टू फेयोल, अॅन एम्प्लॉयी शुड रिसीव्ह ऑर्डर्स फ्रॉम ओन्ली वन सुपीरियर.'

'अॅकॉर्डिंग टू टेलर, अ वर्कर शुड रिसीव्ह ऑर्डर्स फ्रॉम ओन्ली वन सुपीरियर.'

'इन एव्हरी ऑर्गनायझेशन, अॅन एम्प्लॉयी रिसीव्हज ऑर्डर्स फ्रॉम ओन्ली वन सुपीरियर.'

तिन्हींत ओन्ली आहे. पहिलं ट्रू, उरलेली दोन्ही फॉल्स.

पहिल्यात फेयोल काय म्हणाला एवढंच विचारलंय. हेन्री फेयोल हा फ्रेंच खाणकंपनीचा प्रमुख होता. त्याने 1916 साली मांडलेल्या 14 तत्त्वांमध्ये हे तत्त्व याच अर्थाने आहे. ते जगात कितपत पाळलं जातं हा प्रश्नच नाही. तुमची स्वतःची नापसंतीही इथे बाजूला ठेवा.

दुसऱ्यात फक्त नाव बदललंय, पण माणूसच बदलला. फ्रेडरिक टेलरने फंक्शनल फोरमनशिप मांडली. तिच्यात एका कामगारावर आठ तज्ज्ञ फोरमन देखरेख करतात: नियोजनाच्या बाजूला इन्स्ट्रक्शन कार्ड क्लार्क, रूट क्लार्क, टाइम अँड कॉस्ट क्लार्क आणि डिसिप्लिनेरियन, उत्पादनाच्या बाजूला गँग बॉस, स्पीड बॉस, रिपेअर बॉस आणि इन्स्पेक्टर. म्हणजे टेलरची पद्धत युनिटी ऑफ कमांडच्या बरोबर उलट जाते. अॅकॉर्डिंग टू या शब्दांपुढचं नाव वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

तिसऱ्यात कोणाचंच नाव नाही. तिथे जगात खरोखर काय होतं त्याबद्दलचा दावा आहे, आणि तोही एव्हरी लावून. एवढा मोठा दावा पाडायला एकच अपवाद पुरतो. उद्यमबागमधल्या एखाद्या मोठ्या फाउंड्रीतला इलेक्ट्रिशियन डोळ्यांसमोर आणा. मोल्डिंग शॉपची मोटर बंद पडली की शॉपचा सुपरवायझर त्याला म्हणतो, 'आधी हे चालू कर.' त्याच वेळी मेंटेनन्स इंजिनिअरचा निरोप येतो की फर्नेसचं पॅनेल आधी बघ. हा माणूस रोज दोघांचं ऐकतो. मॅट्रिक्स स्ट्रक्चर असलेल्या कंपन्यांत तर ही रचना कागदावरच लिहिलेली असते: एक प्रोजेक्ट मॅनेजर, एक खात्याचा मॅनेजर.

म्हणून विधान वाचताच मनात विचारा: हे एखाद्या विचारवंताचं मत म्हणून दिलंय, की जगाबद्दलचं सत्य म्हणून? मत म्हणून असेल तर फक्त 'तो असं म्हणाला का?' एवढंच तपासायचं. टेलर म्हणायचा की प्रत्येक काम करण्याची एकच सर्वोत्तम पद्धत असते. त्यामुळे 'अॅकॉर्डिंग टू टेलर, देअर इज वन बेस्ट वे ऑफ डूइंग अ जॉब' हे ट्रू. तेच विधान लीडरशिपबद्दल, नाव न घेता आलं, 'देअर इज वन बेस्ट लीडरशिप स्टाइल फॉर ऑल सिच्युएशन्स', तर फॉल्स. कारण सिच्युएशनल लीडरशिपचा सगळा अभ्यास याच दाव्याविरुद्ध उभा आहे.

३. अपवाद शोधा, पण अपवाद खरा असायला हवा

जगाबद्दलचा दावा असेल तर एक अपवाद शोधायचा. तो सापडला की फॉल्स. सापडला नाही तर लगेच ट्रू लिहू नका, पुढचा टप्पा बघा.

'अ नॅरो स्पॅन ऑफ कंट्रोल इज ऑलवेज बेटर' घ्या. एका मॅनेजरच्या हाताखाली किती माणसं असावीत हा स्पॅनचा प्रश्न. वडगाव-शहापूरकडच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये सगळे विणकर जवळपास एकसारखं काम करतात. काय करायचं ते त्यांना माहीत असतं, आणि अडचणीही त्याच त्याच येतात: धागा तुटणं, शटल अडकणं. तिथे एक देखरेख करणारा पुष्कळ माणसं सहज सांभाळतो. स्पॅन उगाच लहान केला तर पर्यवेक्षक वाढतात, पगाराचा खर्च वाढतो, मालकापर्यंत निरोप पोचायला वेळ लागतो. याउलट नवं मशीन बसवणाऱ्या टीममध्ये रोज नवा प्रश्न उभा राहतो, तिथे लहान स्पॅन बरा. म्हणजे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याला ऑलवेज लावता येत नाही.

'परिस्थितीवर अवलंबून' हेच मॅनेजमेंटच्या बहुसंख्य विधानांचं मूळ कारण आहे. या विषयात माणसं आहेत, आणि माणसं नियमात बसत नाहीत. फेयोलनेही आपल्या तत्त्वांबद्दल असंच सांगून ठेवलंय की मॅनेजमेंटच्या कारभारात काहीच ताठर किंवा अंतिम नसतं, सगळा प्रश्न प्रमाणाचा असतो. स्केलर चेनचंच बघा. आदेश आणि निरोप वरून खाली, पायरीपायरीने जावेत असं तो म्हणतो, आणि त्याच तत्त्वात तातडीच्या वेळी समान पातळीवरच्या दोघांनी थेट बोलावं म्हणून गँग प्लँकची सोय ठेवतो. त्यामुळे 'अॅकॉर्डिंग टू फेयोल, स्केलर चेन कॅन नेव्हर बी बायपास्ड' हे फॉल्स, आणि त्यासाठी बाहेरचा अपवाद शोधायची गरजही नाही. तो फेयोलनेच दिलाय.

एक सावधगिरी. अपवाद शोधताना ओढूनताणून काहीतरी कल्पना करू नका. 'पण समजा मॅनेजरच आजारी पडला तर?' असा विचार सुरू झाला की कोणतंही विधान फॉल्स वाटायला लागतं. अपवाद धड्यात असावा, किंवा रोजच्या व्यवहारात नेहमी दिसणारा असावा.

४. डेलिगेशनची तीन विधानं, सावकाश

या धड्यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण इथे फॉल्स असलेलं ऑलवेज आणि ट्रू असलेलं नेव्हर शेजारीशेजारी बसतात.

उद्यमबागच्याच फाउंड्रीत राहू. प्रॉडक्शन मॅनेजर रात्रपाळीचं वितळण-ओतकाम एका सुपरवायझरकडे सोपवतो. सोबत अधिकार देतो: नमुन्याचा रिपोर्ट बरोबर नसेल तर ओतकाम थांबव, गरज पडली तर चौघांना ओव्हरटाइमला बोलाव. एका रात्री सुपरवायझर रिपोर्ट न बघता ओतकाम चालू ठेवतो. सकाळी तपासणीत त्या हीटचं बरंचसं कास्टिंग रिजेक्ट होतं. मालक कोणाला बोलावणार? प्रॉडक्शन मॅनेजरला. 'मी तर काम सोपवलं होतं' असं म्हणून मॅनेजरची सुटका होत नाही. त्याने सुपरवायझरला जाब विचारायचा, पण मालकापुढे जाब द्यायचा तो त्यानेच.

आता विधानं.

'अकाउंटेबिलिटी कॅन नेव्हर बी डेलिगेटेड.' नेव्हर दिसताच अनेकांचा हात फॉल्सकडे जातो. पण वर जे घडलं तेच हे विधान सांगतंय. मॅनेजरची उत्तरदायित्वाची बाजू त्याच्याकडेच राहिली. एनसीईआरटीच्या तक्त्यातही स्पष्ट दिलंय की अकाउंटेबिलिटी मुळीच डेलिगेट करता येत नाही. ट्रू.

'अथॉरिटी, वन्स डेलिगेटेड, कॅन नेव्हर बी टेकन बॅक.' त्या रात्रीनंतर मॅनेजरने ओतकाम थांबवण्याचा अधिकार सुपरवायझरकडून काढून क्वालिटीच्या माणसाकडे दिला तर? देऊ शकतो. दिलेला अधिकार परत घेता येतो आणि दुसऱ्याकडे सोपवता येतो. फॉल्स.

'रिस्पॉन्सिबिलिटी कॅन बी एन्टायरली डेलिगेटेड.' इथे सगळं वजन एन्टायरलीवर आहे. कामाचा भाग खाली गेला, तरी पूर्ण जबाबदारी जात नाही. तक्त्यातले शब्दही असेच आहेत: पूर्णपणे डेलिगेट करता येत नाही. फॉल्स. यातलं एन्टायरली काढून पुढे 'नॉट' घातलं, 'रिस्पॉन्सिबिलिटी कॅनॉट बी डेलिगेटेड अॅट ऑल', तर ते अकाउंटेबिलिटीचं वाक्य रिस्पॉन्सिबिलिटीच्या गळ्यात बांधलं जातं. म्हणून या तिन्ही संज्ञांचा तक्ता स्वतःच्या हाताने वहीत उतरवा, आणि प्रत्येकीसमोर 'करता येते', 'पूर्णपणे नाही' आणि 'मुळीच नाही' एवढंच लिहा.

याच धड्यात आणखी एक जोडी आहे. 'अॅन ऑर्गनायझेशन कॅन नेव्हर बी कम्प्लीटली सेंट्रलाइज्ड ऑर कम्प्लीटली डीसेंट्रलाइज्ड' हे ट्रू. सगळे निर्णय एकाच माणसाने घेणं संस्था वाढली की जमत नाही, आणि सगळेच निर्णय खाली सोडले तर वरचं व्यवस्थापन उरतच नाही. दोन्ही टोकं शक्य नाहीत असं पुस्तकच सांगतं. पण 'डीसेंट्रलायझेशन इज ऑलवेज बेटर दॅन सेंट्रलायझेशन' हे फॉल्स. पहिल्या विधानात नेव्हर टोकांना नाकारतं, दुसऱ्यात ऑलवेज एका बाजूला उचलून धरतं. टोक नाकारणारं नेव्हर या विषयात पुष्कळदा ट्रू निघतं. माझ्याकडे अभ्यासाला बसणाऱ्या पोरांना मी ही एक खूण आवर्जून सांगतो.

५. जिथे ऑलवेज खरंच ऑलवेज असतं

तीन जागा ओळखून ठेवा.

एक, व्याख्या आणि सूत्र. ब्रेक-इव्हन पॉइंटला नफा नेहमी शून्य असतो, कारण ब्रेक-इव्हनचा अर्थच तो. अकाउंट्समध्ये मालमत्ता म्हणजे भांडवल अधिक देणी, हे समीकरण प्रत्येक व्यवहारानंतर जुळतंच. इथे अपवाद शोधत बसू नका. पण जवळच एक खड्डा आहे: 'फिक्स्ड कॉस्ट पर युनिट ऑलवेज रिमेन्स कॉन्स्टंट'. शेडचं महिन्याचं भाडं 40,000 रुपये धरा. 1,000 नग काढले तर नगाला 40 रुपये पडतात, 2,000 काढले तर 20. एकूण फिक्स्ड कॉस्ट तीच राहते, नगामागची बदलते. फॉल्स.

दोन, एखाद्या संज्ञेचं अंगभूत लक्षण. पुस्तकाप्रमाणे रूल म्हणजे ज्यात लवचीकतेला आणि स्वतःच्या अकलेला जागा नाही असा नियम. 'कारखान्यात धूम्रपान बंद' म्हणजे बंद. त्यामुळे 'रूल्स डू नॉट अलाऊ एनी फ्लेक्सिबिलिटी' हे ट्रू. तेच विधान पॉलिसीबद्दल केलं तर फॉल्स, कारण पॉलिसी दिशा दाखवते आणि तिच्या आत निर्णयाला मोकळीक असते.

तीन, मॅनेजमेंटची सर्वव्यापकता. 'प्लॅनिंग इज रिक्वायर्ड अॅट ऑल लेव्हल्स ऑफ मॅनेजमेंट' हे ट्रू. वरच्या पातळीवर पाच वर्षांचं नियोजन, खालच्या पातळीवर उद्याच्या पाळीचं, पण प्रत्येक पातळीवर आहेच. याचंच उलटं, 'प्लॅनिंग इज डन ओन्ली बाय टॉप मॅनेजमेंट', हे फॉल्स. मात्र 'मॅनेजमेंट प्रिन्सिपल्स आर युनिव्हर्सली अॅप्लिकेबल' आणि 'मॅनेजमेंट प्रिन्सिपल्स आर अॅप्लाइड इन द सेम वे एव्हरीव्हेअर' यांतला फरक ओळखा. पहिलं पुस्तकात आहे, म्हणून ट्रू. दुसरं फॉल्स. संकेश्वरच्या बाजूच्या साखर कारखान्यात आणि गणपत गल्लीतल्या कापडाच्या दुकानात कामाची वाटणी दोन्हीकडे असते, पण किती आणि कशी, ते सारखं नसतं.

६. नॉट आणि सौम्य शब्दांचे सापळे

नॉट आलं की ऑलवेजचा डंख निघून जातो. 'फायनान्शियल इन्सेन्टिव्ह्ज डू नॉट ऑलवेज मोटिव्हेट' म्हणजे काही वेळा करत नाहीत. एवढा लहान दावा जवळजवळ खराच असतो. ट्रू. घाईत नजर थेट ऑलवेजवर जाते आणि आधीचं नॉट सुटतं. म्हणून पहिल्या टप्प्यात रेघ मारताना नॉट दिसलं तर त्याभोवती गोल करा. रेघ आणि गोल एकत्र दिसले की विधान पुन्हा एकदा वाचायचं.

दुसरा सापळा सौम्य शब्दांचा. मे, कॅन, युजुअली, जनरली असली की ट्रू, हाही अर्धाच सल्ला. 'अ मॅनेजर मे डेलिगेट हिज अकाउंटेबिलिटी टू अ सबऑर्डिनेट' यात मे आहे, ऐकायला गोड आहे, आणि विधान फॉल्स आहे. 'युनिटी ऑफ डायरेक्शन जनरली मीन्स वन बॉस फॉर वन एम्प्लॉयी' हेही फॉल्स, कारण ती व्याख्या युनिटी ऑफ कमांडची. जनरली लावलं म्हणून चुकलेली व्याख्या सुधारत नाही.

७. कारण लिहायचं असेल तर

काही कॉलेजांच्या इंटर्नल टेस्टमध्ये नुसतं ट्रू-फॉल्स चालत नाही, एका ओळीत कारण मागतात. तिथे 'बिकॉज द वर्ड ऑलवेज इज युज्ड' असं लिहिलंत तर गुण मिळणार नाहीत. आणि ते योग्यच आहे, कारण त्या ओळीवरून तुम्हाला धडा आला की नाही ते तपासणाऱ्याला कळत नाही. फॉल्स असेल तर अपवाद लिहा: 'इन मॅट्रिक्स स्ट्रक्चर, अॅन एम्प्लॉयी रिपोर्ट्स टू टू सुपीरियर्स'. ट्रू असेल तर व्याख्येचा किंवा तत्त्वाचा आधार द्या: 'द मॅनेजर रिमेन्स अकाउंटेबल टू हिज सुपीरियर इव्हन आफ्टर डेलिगेशन'. इंग्रजी साधं चालेल. एक क्रियापद, एक मुद्दा.

वहीत सराव करताना पान उभं दोन भागांत वाटा. डावीकडे अतिरेकी शब्द असलेली आणि फॉल्स निघालेली विधानं, उजवीकडे तसाच शब्द असूनही ट्रू निघालेली. प्रत्येकापुढे कारणाची ओळ. उजवी बाजू हळू भरते, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायची ती हीच. एक-दोन विधानं अशीही निघतील की ज्यांच्यावर दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात. तिथे तुमच्या विद्यापीठाने नेमलेलं पुस्तक धरा आणि आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारून घ्या. पेपर बहुधा त्याच पुस्तकावरून निघतो.

खालची पाच विधानं आता स्वतः करा. आधी रेघ, मग 'कोण बोलतंय', मग अपवाद.

अ) इन्फॉर्मल ऑर्गनायझेशन एमर्जेस फ्रॉम विदिन द फॉर्मल ऑर्गनायझेशन.
आ) ग्रेपव्हाइन ऑलवेज स्प्रेड्स फॉल्स इन्फर्मेशन.
इ) डेलिगेशन इज नेसेसरी इन एव्हरी ऑर्गनायझेशन, बट डीसेंट्रलायझेशन इज ऑप्शनल.
ई) गुड प्लॅनिंग एन्शुअर्स सक्सेस.
उ) अॅकॉर्डिंग टू फेयोल, सबऑर्डिनेशन ऑफ इंडिव्हिज्युअल इंटरेस्ट मीन्स द एम्प्लॉयी हॅज नो इंटरेस्ट्स ऑफ हिज ओन.

अ ट्रू: अतिरेकी शब्दच नाही, आणि व्याख्येचा भाग आहे. आ फॉल्स: ग्रेपव्हाइनने अफवा पसरतात, तशा खऱ्या बातम्याही वेगाने पोचतात. इ मध्ये एव्हरी असूनही ट्रू: सगळी कामं एकटा माणूस करू शकत नाही म्हणून डेलिगेशन टाळता येत नाही, आणि डीसेंट्रलायझेशन हा वरच्या व्यवस्थापनाचा धोरणाचा निर्णय. ई फॉल्स: एन्शुअर्समध्ये लपलेलं ऑलवेज, आणि प्लॅनिंगच्या मर्यादांमध्ये यशाची हमी नाही असं थेट दिलंय.

उ जरा अवघड. अॅकॉर्डिंग टू फेयोल आहे म्हणून ट्रूकडे ओढ होते. पण फेयोल एवढंच म्हणतो की कर्मचाऱ्याचं हित आणि संस्थेचं हित यांत टक्कर झाली तर संस्थेचं हित वर धरावं. टक्कर व्हायला आधी दोन हितं असावी लागतात. विधानातलं 'नो इंटरेस्ट्स' ते पहिलं हितच पुसून टाकतं. फॉल्स.